कागदावरचा सीझन

शिवराजला घोड्यांच्या नादातून आपण बाहेर काढलंय, असं त्रिवेणीला बरीच वर्षं वाटत होतं.

बेगम बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात दोघा भावांचा निम्मा निम्मा वाटा होता. शिवराजचा वाटा मलकपेटच्या रेसकोर्सवर संपला. थोरले एकनाथराव भांडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "दुकानात बस, पगार घे. गल्ल्याला हात लावू नको." तेव्हा शर्वरी शाळेत होती. त्रिवेणी पोरीला घेऊन उदगीरला माहेरी गेली. चार महिन्यांनी शिवराज तिथे आला. सासऱ्यांसमोर मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "आता नाही." ती परत आली. त्यानंतर तो खरोखरच कधी गेला नाही. रविवारी मलकपेटच्या बाजूने जायची वेळ आली तर रिक्षावाल्याला लांबचा रस्ता घ्यायला सांगायचा.

शर्वरी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, त्यांच्या गौलीगुड्यातल्या दोन खोल्या एकदम मोठ्या वाटायला लागल्या, आणि मे महिन्यात एका संध्याकाळी शिवराजने विषय काढला.

"एक विचारू? रागावू नको."

"तुम्ही असं म्हणालात की मी आधीच रागावते," त्रिवेणी म्हणाली.

त्याने गादीखालून जुन्या रेस-बुकांचा गठ्ठा काढला. रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलेली पुस्तकं होती. वर्षभर तो ती दुकानातल्या रिकाम्या वेळात वाचत होता. एक रुपया लावलेला नाही, आईची शपथ, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं. लोक मागच्या रेसचा विजेता बघतात आणि त्याच्यावर तुटून पडतात, म्हणून त्याचा भाव पडतो, जिंकला तरी हाती थोडंच येतं. पण जो घोडा मागच्या वेळी दुसरा किंवा तिसरा आला, महिन्याच्या आत पुन्हा धावतोय, आणि यावेळी त्याच वर्गात किंवा खालच्या, सोप्या वर्गात उतरलाय, त्याच्याकडे लोकांचं लक्ष नसतं. बुकींच्या बोर्डावर त्याला रुपयाला तीन किंवा त्याहून जास्त भाव मिळाला तर तो घ्यायचा. प्रत्येक वेळी सारखीच रक्कम. हरलो म्हणून वाढवायची नाही, जिंकलो म्हणूनही नाही.

त्रिवेणीला हे ऐकताना दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक, तो वेड्यासारखं बोलत नव्हता. दुसरी, कितीतरी वर्षांत त्याचे डोळे असे चमकलेले तिने पाहिले नव्हते.

ती एका औषध कंपनीत कामाला होती. नव्या गोळ्यांच्या माणसांवर चाचण्या होतात, त्यांचे आकडे तपासायचं तिचं काम. तिथे सगळ्यांत आधी एक कागद होतो: काय मोजायचं, किती दिवस मोजायचं, आणि किती फरक पडला तर गोळी उपयोगी म्हणायची. हे सगळं पहिला रोगी येण्याआधी लिहून सह्या होतात. नंतर कुणाला त्यात फिरवाफिरव करता येत नाही. कारण आकडे समोर आले की प्रत्येकाला आपल्या मनातलं दिसायला लागतं, डॉक्टरांनाही.

"नाही" म्हणायचं तिने ठरवलं होतं. तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आधी कागदावर करा. अख्खा पावसाळी सीझन. एक पैसा न लावता."

शिवराजचा विश्वास बसेना. "खरंच म्हणतेस?"

"हौ. पण नियम आज लिहायचे."

त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर बसून लिहिले. नियमात बसणारा प्रत्येक घोडा घ्यायचा, मनाला पटला नाही म्हणून सोडायचा नाही. एका रेसमध्ये दोन घोडे बसले तर ती रेस सोडायची. घोड्याचं नाव आणि त्या क्षणी बोर्डावर असलेला भाव रेस सुटण्याआधी लिहून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. रेस संपल्यावर लिहिलेलं धरायचं नाही. तिकिटावरचा कर वजा करायचा, कारण खरं तिकीट घेतलं तर तो भरावाच लागेल. सीझनमध्ये साठ डाव पुरे झाले की मोजणी थांबवायची. आणि शेवटी निकाल कसा लावायचा तेही लिहिलं. एकूण नफा हवा. सगळ्यांत मोठा एक विजय बाजूला काढला तरी नफा उरायला हवा. आणि त्याच रेसमधले त्याच भावाचे दुसरे घोडे डोळे मिटून निवडले असते तर एवढा नफा विसातून एकदाहून जास्त वेळा निघता कामा नये.

"तिसरं कळलं नाही," शिवराज म्हणाला.

"नशिबानेही कधी कधी नफा होतो ना? ते नशीब किती वेळा एवढं देतं, ते मी संगणकावर काढीन. वारंवार देत असेल तर त्यात तुमच्या पद्धतीचं काय?"

त्याने मान हलवली. मग स्वतःच पेन घेऊन खाली लिहिलं, की हे तिन्ही जमल्याशिवाय मी खरा पैसा लावला तर त्रिवेणीने घर सोडावं, मी अडवणार नाही. तिने ते खोडायला सांगितलं. त्याने खोडलं नाही.

जुलैत सीझन सुरू झाला. पहिल्या रविवारी रेसकोर्सच्या फाटकातून आत शिरताना त्रिवेणी शिवराजच्या दोन पावलं मागे होती. जिने तिचं घर खाल्लं ती जागा ती पहिल्यांदाच पाहत होती. तिला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. प्रत्यक्षात हिरवंगार मैदान होतं, शेंगा विकणारे होते, चष्मे कपाळावर चढवून पुस्तकात खुणा करणारी म्हातारी माणसं होती. बुकींच्या रिंगणात मात्र गलका होता. बोर्डावरचे भाव पुसले जात, नवे लिहिले जात, आणि शिवराजच्या मानेवरची शीर ताठ होई. तो चिठ्ठी लिहून तिच्या हातात देई आणि हात मागे बांधून उभा राही.

तिथेच गफूरभाई भेटले. सुलतान बाजारात त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं, आणि शिवराजला ते तरुणपणापासून ओळखत. हा येतो, लिहितो आणि लावत नाही, हे पाहून ते पोट धरून हसले.

"कागद पे तो सब नवाब रहतैं, शिवराज! जेब में हाथ डाले तो मालूम पडता."

"इस बार कागद पेच है, गफूरभाई," शिवराज म्हणाला. "बेगमसाब का हुकूम है."

गफूरभाईंनी त्रिवेणीला आदाब केला आणि नंतर हळूच म्हणाले, "हुकूम अच्छा है, बेटी. रखो कायम."

ज्या दिवशी तिला सुट्टी नसे त्या दिवशी शिवराज दुकानातून दुपारची रजा काढून एकटा जाई आणि चिठ्ठ्या गफूरभाईंच्या हातात देई. संध्याकाळी ते त्या तिला फोनवर वाचून दाखवत. शिवराज सांगे त्यात आणि चिठ्ठीत एकदाही फरक पडला नाही. उलट एकदा शिवराजनेच सांगितलं, की या रेसला चिठ्ठी लिहायला उशीर झाला, घोडे सुटले होते, हा घोडा जिंकलाय पण धरू नको. तिने तो धरला नाही, आणि त्या रात्री झोपताना तिच्या मनात आलं की या माणसावर आपण इतकी वर्षं अन्याय तर केला नाही?

ते आठवडे त्यांच्या लग्नातले सगळ्यांत चांगले आठवडे होते. हे तिला तेव्हाच कळत होतं. रविवारी परतताना ते कोठीला उतरून इराण्याकडे चहा घेत आणि कुठला घोडा का हरला यावर भांडत. हरलं तरी काही जात नव्हतं. जिंकलं तर तो रस्त्यात तिचा हात धरी. घरी आल्यावर ती आकडे भरी आणि तो शेजारी बसून कांदा चिरी, पोह्यांसाठी, रडत रडत. शर्वरी फोनवर म्हणाली, "आई, तुम्ही दोघं काय करता हल्ली? फोन उचलत नाही."

"तुझ्या बाबांबरोबर रेसला जाते."

"आई, तू ठीक आहेस ना?"

"कागदावर गं. नुसतं कागदावर."

सप्टेंबरात रॉयल मोती नावाची एक घोडी आली. नियमात बसत होती, म्हणून घ्यावी लागली. शिवराजला ती मुळीच पसंत नव्हती. छोट्या पल्ल्याची रेस होती आणि बोर्डावर तिला कुणी विचारत नव्हतं. कर वजा जाता तिचा भाव विसाच्या आसपास पडत होता. ती शेवटच्या वळणावर बाहेरून आली आणि सगळ्यांना मागे टाकून गेली. शिवराजने ओरडून त्रिवेणीला उचललं. लोक बघायला लागले. ती हसत होती आणि त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. ही एक घोडी आता सगळा हिशोब आपल्याकडे ओढून घेणार, हे तिला हसतानाच दिसलं.

सीझन संपायला दोन रविवार उरले तेव्हा ठरलेले साठ डाव पूर्ण झाले. निकाल लावायच्या संध्याकाळी शिवराज नवा शर्ट घालून टेबलाशी बसला होता. तिने संगणक उघडला नाही. तिला सगळं पाठ होतं.

"साठ डाव," ती म्हणाली. "अकरा जिंकलो. कर वजा जाऊन सात डावांइतका नफा."

"नफा!" त्याने टेबलावर थाप मारली.

"थांबा. रॉयल मोती बाजूला काढली की तेरा डावांइतका तोटा."

"पण ती जिंकली ना? कुणी फुकट दिली का? नियमात होती, घेतली."

"जिंकली. म्हणून पहिली अट जमली. दुसरी जमली नाही. आणि तिसरी..." तिने कागद पुढ्यात ओढला. "मी हजारो वेळा करून पाहिलं. त्याच रेसमध्ये, त्याच भावाचे घोडे डोळे मिटून घेतले तर सात किंवा त्याहून जास्त नफा आठातून एकदा निघतो. आपण विसातून एकदा म्हणालो होतो."

"म्हणजे पद्धत खोटी?"

"नाही. खोटी आहे असंही नाही म्हणता येत. साठ डाव फार थोडे असतात, एवढ्या मोठ्या भावांना तर फारच थोडे. खरी असली तरी दिसत नाही, असं म्हणा. पण खरी आहे असं धरून पैसा लावता येणार नाही."

मग त्याने तिच्या पुढ्यातला कागद ओढून घेतला आणि बोट फिरवत गेला. त्रिवेणीला ते बोट बघवेना. कारण कंपनीत तिने ते किती वेळा पाहिलं होतं. गोळी हरली की कुणीतरी असंच बोट फिरवतं आणि म्हणतं, बायकांमध्ये चालली बघा, साठीच्या वरच्यांमध्ये चालली बघा.

"हे बघ," शिवराज म्हणाला. "लांब पल्ल्याच्या रेस काढ. फक्त छोट्या पल्ल्याच्या ठेव. आता बघ किती नफा. चौपट! लांब पल्ल्यात घोडा दमतो, दुसरा-तिसरा आलेला पुन्हा तिथेच राहतो. हे आधी माझ्या लक्षातच आलं नाही."

"रॉयल मोती छोट्या पल्ल्यात होती, अहो."

"ती धरू नको. बाकीचे बघ."

"बाकीच्यांतही चार विजय तिकडे पडलेत, योगायोगाने. आपण निकाल बघून रेघ मारली तर कुठेतरी नफा सापडणारच. वारावरून काढा, जॉकीच्या कपड्यांच्या रंगावरून काढा, सापडेल." तिने त्याचा हात धरला. "मी नाही म्हणत नाहीये. हा नवा नियम समजा. आज लिहा, सही करा, आणि हिवाळी सीझनला पुन्हा कागदावर करू. नवे डाव, पहिल्यापासून मोजायचे. जमलं तर मी स्वतः तुम्हाला पैसे देईन."

"अजून एक सीझन."

"काय बिघडलं? आपल्याला आवडतंय ना?"

हे ती मनापासून म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला जाणवलं की त्याला ते आवडत नव्हतं. तो फक्त वाट पाहत होता. चहा, भांडणं, कांदा, हे सगळं त्याच्यासाठी दाराबाहेरची रांग होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याने छोट्या पल्ल्याचा नियम लिहिला आणि सही केली.

पुढचा रविवार सीझनचा शेवटून दुसरा होता. त्रिवेणी नुसती सोबत म्हणून गेली, लिहायचं काही नव्हतं. तिसऱ्या रेसला शिवराज म्हणाला, "तू इथेच थांब, पाणी घेऊन येतो." तो रिंगणाच्या दिशेने गेला. गफूरभाई तिच्याजवळ उभे होते. ते एकदा त्याच्या पाठीकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिले, मग नजर वळवून स्टँडकडे चालू लागले. ती त्यावरूनच समजली.

तो परत आला तेव्हा हातात पाणी नव्हतं.

"लावलेत?"

"त्रिवेणी, छोटा पल्ला आहे. नियमात बसतो. पाचाचा भाव आहे."

"किती लावलेत ते नका सांगू. लावलेत का, एवढंच."

"हौ."

घोडे सुटले. ती रेलिंगला धरून उभी राहिली. घोडा हरावा असं तिला वाटत होतं. नवरा हरावा असं वाटणारी बायको आपण झालो, हे ती टापांच्या आवाजात ऐकत होती. लगेच दुसरं वाटलं, हरला तर आज संध्याकाळी हा रडेल, पाय धरेल आणि मी पुन्हा राहीन. आणि मग काहीच वाटेनासं झालं.

घोडा जिंकला. सहज, दोन घोड्यांच्या लांबीने पुढे.

शिवराजने तिला पुन्हा उचललं. तो हसत होता, ओरडत होता, "बघ! बघ! काय म्हणत होता तुझा कागद?" तिचे डोळे वाहत होते. त्याला वाटलं आनंदाने. त्याने तिचे डोळे पुसले आणि म्हणाला, "वेडी कुठली. चल, आज तुला साडी घेऊ, सुलतान बाजारात."

"एक डाव आहे हो," ती म्हणाली. "एका डावाने काय कळतं?"

"जिंकलो ना मी!"

"हरला असतात तरी मी हेच म्हणाले असते. एका डावाने काहीच कळत नाही. पण तुम्ही लावलंत, ते कळलं."

तो हसायचा थांबला. आजूबाजूला लोक पुढच्या रेसची पुस्तकं चाळत होते.

"त्रिवेणी, लोक हरून घर बुडवतात. मी जिंकून आलोय. जिंकून आलेल्या माणसाला कुणी सोडून जातं का?"

उत्तर होतं, पण ते त्या गलक्यात सांगण्यासारखं नव्हतं. तुम्ही हरला असतात तर मी तुम्हाला सांभाळलं असतं, जिंकलात म्हणून आता तुमची मी कुणीच नाही, कारण यापुढे मी काहीही मोजलं तरी तुम्ही आजचा दिवस दाखवणार. हे ती घरी जाऊन, कपाट उघडून, साड्या काढताना मनात बोलली. शिवराज दारात उभा होता. त्याने अडवलं नाही. ते आपण लिहिलेल्या शब्दामुळे की ती चार दिवसांत परत येईल या खात्रीमुळे, हे तिला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

तिने कंपनीजवळ एक खोली घेतली. एकनाथराव भेटायला आले. दारातच उभे राहून म्हणाले, "त्रिवेणी, तो म्हणतो तो पैसे हरलेला नाही."

"हो, भाऊजी. हरलेले नाहीत."

"मग?"

ती म्हणाली, "चहा घ्या." ते आत येऊन बसले, चहा घेतला, आणि जाताना फक्त एवढंच म्हणाले, "मी त्याला सोडलं नाही तेव्हा, भाऊ म्हणून. चूक केली का, कोण जाणे."

शर्वरी फोनवर चिडली, मग रडली. "आई, सहा वर्षं चांगले राहिले ना बाबा?"

"राहिले. त्यातले शेवटचे तीन महिने तर फारच चांगले."

हिवाळी सीझन सुरू झाला तसं त्रिवेणीने एक केलं, ते तिने कुणालाही सांगितलं नाही. रेसच्या आदल्या दिवशी ती वर्तमानपत्रातलं रेस-कार्ड, म्हणजे धावणाऱ्या घोड्यांची यादी, घेऊन बसे आणि शिवराजने सही केलेल्या नियमाने घोडे निवडे. छोटा पल्ला, मागच्या वेळी दुसरा किंवा तिसरा, महिन्याच्या आत, त्याच किंवा खालच्या वर्गात. निवडलेली नावं ती सकाळीच शर्वरीला मेसेज करी. "हे काय?" या प्रश्नाला "ठेव फक्त" म्हणे. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या निकालातून भाव घेई, तिनाच्या खालचा असेल तर तो डाव वगळी, बाकीच्यांतून कर वजा करी. तिन्ही अटी त्याच. तिने एकही हलवली नाही, शिवराजच्या बाजूने नाही आणि आपल्याही बाजूने नाही.

ती रोज मनात म्हणत होती, जमू दे. आपण चुकीचे ठरू दे. पद्धत खरी निघाली तर ती त्या कागदासकट गौलीगुड्याला जाईल, बेल वाजवेल आणि म्हणेल, तुम्ही बरोबर होतात, घाई केलीत एवढंच. डिसेंबरात सलग चार घोडे जिंकले तेव्हा तिने पिशवी भरायला काढली होती. मग स्वतःलाच दटावून ती पुन्हा माळ्यावर ठेवली. डाव पुरे व्हायचे होते.

जानेवारीत घोडे हरत गेले. विशेष काही झालं नाही. एखादा दुसरा आला, एखादा पाचवा, कधी मधेच एक जिंकला. सीझनच्या अखेरीला डाव पुरे झाले तेव्हा तिने बेरीज केली. मोठा विजय बाजूला काढायची गरजच पडली नाही. एकूणच तोटा होता, डोळे मिटून निवडलेल्या घोड्यांना होतो जवळजवळ तेवढाच.

ती त्या खोलीत जमिनीवर बसली आणि इतकी रडली की शेजारच्या बाईने दार ठोठावलं.

ती शिवराजला भेटायला गेली तो मार्च होता. त्याने दार उघडलं तेव्हा तिला सांगावं लागलं नाही. तो बारीक झाला होता. डिसेंबरपर्यंत आपण नफ्यात होतो एवढंच तो म्हणाला, पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. टेबल जागेवर होतं, पण त्यावर बरण्या आणि कपडे पडले होते.

"मी तुमचा नियम करून पाहिला," ती म्हणाली. "छोट्या पल्ल्याचा. सगळा सीझन, कागदावर."

"तू?" त्याने वर पाहिलं. "का?"

"नीट बघितल्याशिवाय तुम्हाला चूक म्हणायचं नव्हतं."

त्याने मान खाली घातली. "जमला नाही ना?"

"नाही जमला."

रस्त्यावर बस स्टँडच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. शिवराज म्हणाला, "मला वाटलं होतं तू हरायची वाट बघत असशील."

"मी जिंकायची बघत होते."

तो रडायला लागला, आवाज न करता, मान तशीच खाली ठेवून. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस पांढरे झाले होते, तिच्या लक्षात आलं नव्हतं. डोळे पुसत तो म्हणाला, "पावसाळ्यात पुन्हा कागदावर करू. दोघं. नुसतंच कागदावर, कायम. पैशाचं नावच नको. तू ये फक्त."

तिला हवं होतं तेच तो बोलत होता. ते शब्द तिने त्याच्या तोंडून हिवाळाभर मनात ऐकले होते. आत्ता हो म्हटलं की कोठीचा चहा होता, भांडणं होती, रविवार होते. आणि रिंगणाकडे पाण्यासाठी जाणारा तो असता, आणि त्याच्या पाठीकडे बघत बसणारी ती.

"मला त्या दिवसांची फार आठवण येते," ती म्हणाली. "पण मी येणार नाही."

"का? मी लावणार नाही, खरंच सांगतो."

"तुम्ही खरंच सांगताय. मला माहितेय."

ती उठली. टेबलावरचे कपडे सवयीने घडी करून ठेवायला लागली आणि अर्ध्यात थांबली. शिवराज दारापर्यंत आला. जेवून जा म्हणाला, घरात काय आहे ते त्यालाच माहीत नव्हतं. तिने नक्को म्हणून सांगितलं. जिना उतरताना तिला वरून त्याचा आवाज आला, "पोहोचलीस की फोन कर."

"करते," ती म्हणाली. आणि घरी पोहोचल्यावर तिने केला.